काटा ९ वर आहे, पण तो सांगतोय कोणाबद्दल?

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मला एस्प्रेसो मशीनच्या प्रेशर गेजचा फोटो पाठवतं. काटा बरोब्बर ९ वर असतो आणि खाली प्रश्न असतो, "प्रेशर तर परफेक्ट आहे, मग कॉफी कडूजहर का?" कधी उलट असतं. काटा ६ वर असतो आणि प्रश्न येतो, "अजून बारीक दळू का?" दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. गेजवरचा आकडा कधी पंपाकडची मर्यादा दाखवतो, तर कधी पकचा, म्हणजे दाबून बसवलेल्या कॉफीच्या वडीचा, अडथळा दाखवतो. आकडा तोच, अर्थ दोन. नुसत्या फोटोवरून यातला कुठला ते मलाही सांगता येत नाही.

किरकोळ गोंधळ आधी उरकून टाकू. मशीनवर दोन गेज असतील, तर १ ते दीड बारच्या आसपास रेंगाळणारं गेज वाफेच्या बॉयलरचं. त्याचा शॉटच्या, म्हणजे एका वेळी काढलेल्या एस्प्रेसोच्या, प्रेशरशी संबंध नाही. ज्याची पट्टी १५-१६ पर्यंत जाते, आपण त्याच्याबद्दल बोलतोय. आणि खोक्यावर छापलेलं "१५ बार" विसरून जा. पाणी जराही पुढे सरकत नसताना पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकेल, त्याचा तो आकडा. कॉफी काढताना पाणी सरकायलाच हवं, त्यामुळे त्या आकड्याची फुशारकी मला आजवर कळलेली नाही.

आता मुद्द्याचं. पंप फक्त पाणी ढकलतो, प्रेशर तयार होतं ते वाटेतल्या अडवणुकीमुळे. पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायचा दांड्याचा भाग, काढून पंप चालू करा. पंप तेवढाच घरघरतो, पण काटा तळाशीच राहतो, कारण पाण्याला कोणी अडवत नाही. (काही मशीनमध्ये गेज आणि ग्रुप, म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे अडकतो ते तोंड, यांच्यामध्ये एक बारीक छिद्राचा जेट असतो, तिथे दोन-तीन बार दिसतील. मशीन धडधाकट असताना तो आकडा एकदा लिहून ठेवा. पुढे तो वाढलेला दिसला, तर वाटेत क्षार साचलेत.) म्हणजे गेजचा मूळ स्वभाव पकबद्दल बोलण्याचा. दळण बारीक केलं की अडथळा वाढतो आणि काटा चढतो.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो ओपीव्हीमुळे. ओपीव्ही म्हणजे ओव्हरप्रेशर व्हॉल्व्ह: स्प्रिंगवर बसलेली एक छोटी झडप. प्रेशर ठरलेल्या हद्दीला पोचलं की ती उघडते आणि जादा पाणी टाकीत परत सोडते. कुकरच्या शिट्टीसारखंच. शिट्टी एकदा उचलली गेली की गॅस मध्यम ठेवा नाहीतर मोठा करा, आतलं प्रेशर जवळपास तेवढंच राहतं, फरक फक्त बाहेर पडणाऱ्या वाफेत. ओपीव्ही उघडली की त्या क्षणापासून गेज पकबद्दल बोलायचं थांबतं आणि स्प्रिंगबद्दल बोलायला लागतं.

माझ्या मशीनवर मी हे एकदा मोजून पाहिलं. पोर्टाफिल्टरमध्ये कॉफीच्या जाळीदार वाटीऐवजी बिनभोकाची वाटी, म्हणजे बास्केट, लावली, म्हणजे सगळं पाणी ओपीव्हीतूनच परत जाणार. परतीची नळी टाकीतून बाहेर काढून मापाच्या भांड्यात सोडली आणि अर्धा मिनिट पंप चालवला. जवळपास ११० मिली पाणी आलं. म्हणजे ९ बारच्या आसपास माझा पंप मिनिटाला साधारण २२० मिली ढकलतो. आता माझा रोजचा शॉट घ्या: १८ ग्रॅम कॉफी, कपात ३६ ग्रॅम, २८ सेकंद. पहिले सातेक सेकंद पक नुसता भिजतो, मग २१ सेकंदांत ३६ ग्रॅम येतात. म्हणजे मिनिटाला शंभरेक ग्रॅम. पंप देतोय २२०, पक घेतोय १००, उरलेलं १२० टाकीत परत.

आता ग्राइंडर दोन खाचा बारीक केला. पक ६० घेतो, टाकीत १६० परत जातं. शॉट ४० सेकंदांच्या वर जातो आणि कॉफी कडवट, तोंड कोरडं पाडणारी. काटा? ९. मग मूळ जागेपासून दोन खाचा जाडसर केला. पक १७० घेतो, ५० परत जातं. शॉट वीस सेकंदांत संपतो, कॉफी आंबट आणि पाणचट. काटा? तरी ९. तीन वेगळ्या कॉफ्या आणि गेजवर एकच आकडा. फार तर अर्धा बार इकडेतिकडे, कारण जास्त पाणी सोडायचं तर झडपेची स्प्रिंगही थोडी जास्त दबते. अजून जाड दळलं आणि पकची भूक पंपाच्या २२० च्या वर गेली, की मग कुठे झडप पूर्ण मिटते आणि काटा ७, ६, ५ असा घसरतो. तोवर शॉट बारा-पंधरा सेकंदांवर आलेला असतो आणि बिघडलंय हे सांगायला गेजची गरज उरलेली नसते.

म्हणून काटा ९ वर आहे याचा अर्थ एवढाच, की पकने पंपाच्या पुरवठ्यापेक्षा कमी पाणी घेतलं. किती कमी, ते तुमचा काटा नाही, तुमचा वजनकाटा आणि घड्याळ सांगेल. "काटा ९ वर आला, म्हणजे दळण जमलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर न देता नुसतं "सेकंद किती?" एवढंच विचारतो. त्याचं भावंडही तेवढंच चुकीचं: "प्रेशर जास्त वाटतंय, जरा जाड दळतो." झडप उघडी असताना जाड दळून प्रेशर उतरत नाही, फक्त शॉट पळतो.

रोटरी पंपाच्या मशीनमध्येही गणित हेच. फक्त तिथे जादा पाणी टाकीत न जाता पंपाच्या आतल्याच वाटेने फिरून पुन्हा त्याच्या तोंडाशी येतं, त्यामुळे परतीचं पाणी डोळ्यांना दिसत नाही.

उलट, काही मशीनमध्ये ओपीव्ही बारा-तेरा बारला बसवलेली असते. तिथे गेज खरंच पकबद्दल बोलतं. एक खाच बारीक केली की ९ चे १०, अजून एक की ११. ज्यांनी अशा मशीनवर हात बसवला, तेच पुढे ९ ला अडवलेलं मशीन घेतात आणि काटा हलत नाही म्हणून हैराण होतात. मला स्वतःला ९ ला अडवलेलंच आवडतं. ११-१२ बारला पक इतका आवळला जातो की दळणात जरा फरक पडला तरी शॉट एकदम तुंबतो, आणि कुठे कमकुवत जागा असेल तर पाणी तिथूनच भगदाड पाडतं. झडप लावताना बिनभोकाच्या बास्केटवर साडेनऊ-दहा दिसेल अशी लावा. खऱ्या शॉटमध्ये परत जाणारं पाणी कमी असतं, त्यामुळे तिथे काटा आपोआप थोडा खाली बसतो.

गेल्या वर्षी एका मित्राने या गोंधळापायी दोन आठवडे आणि कॉफीची अख्खी पिशवी घालवली. त्याच्या मशीनवर काटा ६ च्या वर जाईना. त्याने दळण बारीक केलं, काटा ६. अजून बारीक, तरी ६. मला फोन आला तेव्हा शॉट ५० सेकंदांचा झाला होता आणि तो म्हणत होता, "ग्राइंडरच बदलावा लागणार बहुतेक." मी म्हटलं, "अरे, सेकंद २८ चे ५० झाले आणि काटा जागचा हलला नाही, म्हणजे ग्राइंडर त्याचं काम चोख करतोय." खरी खूण तीच. दळण बदलल्यावर वेळ आणि काटा दोन्ही बदलले, तर गेज पकबद्दल बोलतंय. नुसती वेळ बदलली आणि काटा तिथेच राहिला, तर काटा कुठल्यातरी छताला टेकलाय. त्याचं छत ९ ऐवजी ६ ला आलं होतं.

छत खाली आणणारे संशयित दोन: पंप किंवा ओपीव्ही. मी त्याच्याकडे गेलो, पक बाजूला ठेवला आणि बिनभोकाची बास्केट लावली. काटा ६. म्हणजे कॉफीचा आणि दळणाचा दोष नाही, कारण आत कॉफीच नव्हती. मग टाकीचं झाकण उघडून परतीच्या नळीकडे पाहिलं. धार लागली होती. पंप दुबळा असता तर ६ बारला नळी कोरडी दिसली असती, कारण झडप उघडायची वेळच आली नसती. इथे पाणी धो-धो परत येत होतं, म्हणजे पंपात जोर होता आणि झडपच अवेळी वाट सोडत होती. खोलून पाहिलं तर झडपेच्या बैठकीवर क्षाराचा खवला अडकला होता, बाजरीच्या दाण्याएवढा. त्यामुळे झडप कधी पुरती मिटतच नव्हती. तो काढला, भाग सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवले, जोडल्यावर बिनभोकाच्या बास्केटवर काटा साडेनऊ.

नळी कोरडी असती, तर पंप बदलण्याआधी मी तीन गोष्टी पाहिल्या असत्या: टाकीतली जाळी तुंबली आहे का, पंपात हवा अडकली आहे का, आणि शॉट चालू असताना ड्रिप ट्रेमध्ये पाणी गळतंय का. तिसरी खूण शॉट संपल्यावर ग्रुपमधलं प्रेशर सोडून देणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह नीट मिटत नसल्याची, आणि तिच्यामुळे चांगला पंप विनाकारण बदलला जातो.

एक ठिकाण असं आहे की तिथे गेजवरून दळण ओळखायला जाऊच नये: दुहेरी तळाची, खाली एकच बारीक छिद्र असलेली बास्केट. तिथे मुख्य अडवणूक त्या छिद्राची असते. दळण कसंही असो, काटा झकास चढतो. अशा काही मशीनच्या गेजवर आकडे न देता नुसता "एस्प्रेसो" असा रंगीत पट्टा छापलेला असतो, त्याचा मला मनापासून राग आहे, कारण काटा पट्ट्यात आला की माणूस ग्राइंडरला हात लावायचं सोडतो.

मित्राच्या मशीनवर झडप दुरुस्त झाल्यावर दळण अर्थातच फार बारीक ठरलं. ९ बारलाही शॉट चाळीस सेकंदांच्या वरच जात होता. त्या संध्याकाळी आम्ही एकेक खाच जाड करत गेलो. चौथ्या शॉटला ३६ ग्रॅम २९ सेकंदांत आले. त्या चारही शॉटमध्ये काटा ९ वरच होता.