कुत्रा झोपण्याआधी गिरक्या का घेतो?

"आमचा मोती झोपायच्या आधी तीन-चार गिरक्या घेतो. आजी म्हणतात, तो उत्तर दिशा शोधतो. खरं का?"

नाही. हा समज बहुधा 2013 च्या एका अभ्यासाच्या अर्धवट बातमीने पसरला. चेक आणि जर्मन संशोधकांनी 70 कुत्र्यांची पाहणी केली होती, पण ती शी-शू करताना ते कोणत्या दिशेला उभे राहतात याची. झोपेचा त्यात संबंध नव्हता.

गिरकीचा संबंध अंथरुणाशी आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी 62 कुत्र्यांना सपाट आणि उंचसखल अशा दोन पृष्ठभागांवर बसू दिलं. सपाट जागी 19 टक्के कुत्र्यांनी गिरकी घेतली, उंचसखल जागी 55 टक्के. म्हणजे जागा टोचत असेल तर पायांनी दाबून, सारखी करून घ्यायची. गवतात झोपणाऱ्या पूर्वजांची ही सवय असावी, असं मानलं जातं.

नाशिकच्या डिसेंबरात घरीच बघा. एक दिवस मोतीला नुसती सतरंजी द्या, दुसऱ्या दिवशी चुरगळलेली गोधडी. गोधडीवर तो जास्त फिरेल, असा माझा अंदाज आहे. आकडा मात्र ठरलेला नसतो.

काळजी कधी करायची? माझी म्हातारी कुत्री फिरायची, अर्धवट बसायची, कण्हून पुन्हा उठायची. ती सांधेदुखी निघाली. आम्ही ते हट्ट समजत राहिलो, याचं वाईट वाटतं. मान एका बाजूला कलली असेल आणि कुत्रा जागेपणीही एकाच बाजूला फिरत राहत असेल, तर कान किंवा मेंदूचा त्रास असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.