उतरल्यावर मांड्या का दुखतात?

“चढताना फक्त दम लागला, पण उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या. लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणून ना?”

नाही. श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर ते वापरून टाकतं, आणि ते जास्त तयार होतं चढताना. दुखणं मात्र 24 ते 72 तासांत सर्वाधिक असतं.

खरं कारण क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू. मांडीवर हात ठेवून एक पायरी सावकाश उतरून बघा. वर राहिलेल्या पायाचा गुडघा वाकत जातो, तसा हा स्नायू लांबत जातो आणि तरीही कडक लागतो. शरीर धाडकन खाली येऊ नये म्हणून तो ताणला जात असतानाच जोर लावतो, ब्रेकसारखा. अशा कामात तेवढ्याच जोरासाठी कमी तंतू वापरले जातात, त्यामुळे प्रत्येकावर भार जास्त. काही तंतू आतून सूक्ष्म प्रमाणात फाटतात. पुढे दुरुस्तीसाठी सूज येते, नसांची टोकं हळवी होतात. म्हणून दुखणं उशिरा येतं.

एकदा असं उतरलं की पुढचे काही आठवडे तोच उतार बराच कमी दुखवतो. मात्र लघवी गडद तपकिरी झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा.