सोयाबीनचा फोटो पास की नापास? कट-ऑफ ठरवायचा कसा

ई-पीक पाहणीत शेतकरी रानात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि त्याच्या आधारे सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. समजा, लातूरकडच्या एका तालुक्यात अशा प्रत्येक फोटोला ‘हे सोयाबीनच आहे’ या खात्रीचे 0 ते 100 गुण देणारी संगणकप्रणाली लावली. किती गुणांना फोटो मान्य करायचा? बहुतेक जण 50 म्हणतील, कारण ते निम्मे आहेत. पण हे गुण म्हणजे शक्यतेची टक्केवारी नव्हे, त्यामुळे निम्म्याला आपोआप काही अर्थ येत नाही. कट-ऑफ जुन्या, तपासलेल्या फोटोंवरूनच काढावा लागतो.

असे 400 फोटो घेऊ. तलाठ्यांनी बांधावर जाऊन प्रत्येकाची शहानिशा केली आहे: 300 खरोखर सोयाबीनचे आणि 100 भलतेच, म्हणजे मूग, उडीद किंवा तण माजलेलं पडीक रान. सगळे फोटो गुणांच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि प्रत्येक कट-ऑफला दोन्ही बाजूंच्या चुका मोजायच्या. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.)

| कट-ऑफ | चुकीचे पास (100 पैकी) | चुकीचे नापास (300 पैकी) |
|---|---|---|
| 40 | 42 | 6 |
| 50 | 25 | 15 |
| 60 | 12 | 36 |
| 70 | 5 | 81 |

एक रकाना उतरतो तसा दुसरा चढतो. दोन्ही शून्यावर आणणारा कट-ऑफ या तक्त्यात नाही, आणि प्रत्यक्षातही तो क्वचितच सापडतो. म्हणून कोणती चूक किती महाग, हे आधी ठरवावं लागतं. ते काम गणिताचं नाही, महसूल खात्याचं आहे.

हंगामाच्या सुरुवातीला फोटो नाकारला तर शेतकऱ्याची रानात एक चक्कर वाढते, तो पुन्हा फोटो काढतो. त्याची किंमत 1 धरू. खोटी नोंद पुढे अनुदानापर्यंत जाते, तिची किंमत 5 धरू. मग 50 ला एकूण किंमत 25 × 5 + 15 = 140 होते, 60 ला 96 आणि 70 ला 106. म्हणजे 60 बरा. पण काढणी उरकल्यावर नकार आला तर दाखवायला पीकच उरत नाही. तेव्हा दोन्ही चुका सारख्याच महाग धरल्या, तर 50 ला 40 आणि 60 ला 48 अशी किंमत येते आणि पारडं 50 कडे झुकतं. प्रणाली तीच, गुण तेच, तरी ऑक्टोबरचा कट-ऑफ जुलैपेक्षा खाली यायला हवा.

खरी गोम पुढे आहे. आपल्या 400 फोटोंत दर चारांत एक भलता होता. असं होतं, कारण तलाठी आधी संशयास्पद गटच तपासायला जातो. रोजच्या ओघात समजा 5 टक्केच फोटो भलते असतील, तर 4000 पैकी 200 भलते आणि 3800 खरे. तक्त्यातलं प्रमाण तसंच ठेवून जुलैच्याच किमतीने हिशेब केला, तर 60 ला 24 चुकीचे पास आणि तब्बल 456 चुकीचे नापास होतात, एकूण किंमत 576. तर 50 ला 50 आणि 190, म्हणजे 440. चाळीसला 496. आता 50 सरस ठरला! तपासलेल्या नमुन्यात भलत्यांचं प्रमाण रोजच्यापेक्षा जास्त असेल आणि ते दुरुस्त केलं नाही, तर कट-ऑफ नाहक कडक होतो.

शंभरातले 12 हा आकडाही दगडावरची रेघ नाही. एवढ्या लहान नमुन्यात खरं प्रमाण साधारण 7 ते 20 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. म्हणून 59 की 61 यावर वाद घालण्यात हशील नाही. शिवाय ज्या फोटोंवरून कट-ऑफ निवडला त्यांच्यावरच तो तपासला, तर निकाल खऱ्यापेक्षा गोड दिसतो. निम्मे फोटो निवडीला वापरायचे आणि निम्मे पडताळणीला राखून ठेवायचे.

प्रणाली सुरू झाल्यावर आणखी एक खोट शिरते: पास झालेल्याच फोटोंची शहानिशा होत राहते. नाकारलेल्यांत किती खरे होते हे कोणालाच कळत नाही, आणि चुकीचे नापास कागदावर शून्य दिसतात. यावर उपाय म्हणजे नाकारलेल्यांतले काही फोटो, समजा दर वीसांतला एक, चिठ्ठी टाकून निवडायचे आणि बांधावर जाऊन पाहायचे.

ही तपासणी पीकपद्धतीनुसारही वेगळी मांडावी. मराठवाड्यात सोयाबीनच्या ओळींत तूर घेण्याची रीत आहे. प्रणाली निव्वळ सोयाबीनवर शिकली असेल, तर अशा रानाचा फोटो खरा असूनही गुण कमी पडतात. एकूण आकडा 5 टक्के चुकीचे नापास दाखवत असताना आंतरपीकवाल्यांत तो 20 टक्के असू शकतो. अशा वेळी सगळ्यांचा कट-ऑफ खाली ओढला, तर निव्वळ सोयाबीन दाखवणाऱ्या भलत्या नोंदीही आत येतात. त्यापेक्षा आंतरपिकाची नोंद निवडलेल्या फोटोंना वेगळा कट-ऑफ द्यावा, आणि तो काढण्यासाठी तशाच रानांचे तपासलेले फोटो आधी जमवावेत.