भूपरिघमापन, छायाकोनावरून
एकाच रेखावृत्तावरील दोन गावांत माध्यान्ही पडणाऱ्या सावल्यांच्या कोनांतील फरक आणि त्या गावांमधील अंतर यांवरून पृथ्वीचा परिघ काढण्याची रीत. सूर्यकिरण समांतर येतात असे धरले, की कोनांतील फरक हाच दोन गावांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन ठरतो. पुढचे काम त्रैराशिकाचे आहे.

विदर्भात या रीतीला साजेशी जोडी म्हणजे भंडारा जिल्ह्यातील साकोली व गडचिरोलीच्या दक्षिण टोकाचे सिरोंचा. दोन्ही ८०° पूर्व रेखावृत्ताच्या किंचित पश्चिमेस आहेत. त्यांच्या अक्षांशांत सुमारे २.२५° फरक आणि सरळ अंतर सुमारे २४९ किमी. आहे. १५ मेच्या सुमारास सिरोंच्यात सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो, म्हणजे तेथे शून्यछाया असते. जुलैअखेरीस तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा पावसाळी आभाळ असते. मेमधील त्या दिवशी १२ वाजून ६-७ मिनिटांनी साकोलीत ३ मी. उंचीच्या शंकूची, म्हणजे उभ्या खांबाची, सावली उत्तरेकडे सुमारे ११.८ सेंमी. पडावी. ११.८ भागिले ३०० म्हणजे ०.०३९३, आणि ही स्पर्शज्या २.२५° कोनाची. ३६० अंशांत असे १६० भाग बसतात; १६० × २४९ = ३९,८४० किमी. ध्रुवांवरून जाणारा खरा परिघ सुमारे ४०,००८ किमी. आहे. उरलेली तूट गणिताची चूक नव्हे. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने या अक्षांशावरील एक अंश सरासरी अंशापेक्षा थोडा आखूड भरतो.

प्रत्यक्षात एवढा नेमका आकडा हाती आला, तर तो योगायोग समजावा. सूर्यबिंब अर्ध्या अंशाहून थोडे मोठे असल्याने ३ मी. शंकूच्या सावलीची कड जवळपास ३ सेंमी. पट्ट्यात विरत जाते, आणि मोजायची सावली आहे अवघी १२ सेंमी.! एकाने गडद कड धरली व दुसऱ्याने फिकट, तर सगळा हिशेब बिघडतो. म्हणून शंकूच्या टोकाला बारीक छिद्र पाडलेला पत्रा आडवा बसवतात व जमिनीवर उमटणाऱ्या सूर्याच्या वाटोळ्या प्रतिमेचा मध्य धरतात. छिद्रातून ओळंबा सोडून तो टेकेल तेथून अंतर मोजावे, खांबाच्या बुडापासून नव्हे. खांब अर्धा अंश कलला आणि बुडापासून मोजले, तर परिघ एक-पंचमांशाहून अधिक चुकू शकतो.

सिरोंच्यात ‘सावली नाही’ एवढ्यावर थांबणेही धोक्याचे. मेच्या मध्यास सूर्य रोज सुमारे पाव अंश उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे माध्यान्ही तो नेमका डोक्यावर असेलच असे नाही. तेथील उरलेली सावलीही त्याच दिवशी मोजून हिशेबात घ्यावी. दोन गावांच्या मोजणीत एका दिवसाचे अंतर पडले, तर फरक दहा टक्क्यांचा पडतो. अंतर नकाशावरून घ्यावे. रस्त्यावरील किलोमीटरचे दगड वळणांसह मोजतात, आणि रस्ता जितका लांब तितकी पृथ्वी मोठी निघते.

या रीतीचे श्रेय सामान्यतः इ. स. पू. तिसऱ्या शतकातील एराटोस्थेनीझला देतात. त्याचा मूळ ग्रंथ उपलब्ध नाही; वृत्तांत मुख्यतः क्लीओमिडीझ या नंतरच्या लेखकाकडून कळतो. त्यानुसार सायीनी (आजचे आस्वान) येथे सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा भरला, आणि अंतर स्टेडियम या ग्रीक लांबीच्या मापात ५,००० धरून परिघ २,५०,००० स्टेडियम आला. ही दोन गावे मात्र एका रेखावृत्तावर नाहीत. त्यांच्यात सुमारे तीन अंशांचे अंतर आहे. स्टेडियमची लांबी हा खरा वादाचा मुद्दा. १५७.५ मी. मानल्यास उत्तर आजच्या मूल्याच्या अगदी जवळ येते, १८५ मी. मानल्यास सुमारे १६ टक्के जास्त. पहिले मत आकर्षक आहे, परंतु उत्तर जुळते म्हणून माप निवडणे हा चक्रापत्तीचा दोष होय.

हाच दोष भारतीय योजनाच्या चर्चेतही डोकावतो. दुसऱ्या भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत (इ. स. ११५०) परिघ ४,९६७ योजने दिला आहे. योजन सुमारे ८ किमी. मानले की आकडा जुळतो. त्याहून मोलाचे म्हणजे, गोलाध्यायात त्यांनी रीतही सांगितली आहे: दोन नगरांतील दक्षिणोत्तर अंतर जर त्यांच्या अक्षांशांच्या फरकाएवढ्या अंशांना, तर चक्राच्या ३६० अंशांना किती? अक्षांश काढण्यास पलभा, म्हणजे विषुवदिनी १२ अंगुळे शंकूची माध्यान्ह सावली, वापरीत. ती साकोलीत सुमारे ४.६ व सिरोंच्यात ४.१ अंगुळे येते. म्हणजे अडीचशे किलोमीटरांचा सगळा फरक अर्ध्या अंगुळात मावतो.

पुढे विल्यम लँब्टनने सुरू केलेल्या भारतीय रेखावृत्तीय चापाच्या मोजणीत तत्त्व हेच राहिले, पण कोन सूर्याच्या सावलीऐवजी ताऱ्यांवरून घेतले गेले. ताऱ्याला सूर्यासारखे बिंब दिसत नाही. लँब्टन हे काम चालू असताना १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे.