नृसिंहकथेचे प्रॉम्प्टचित्रण

पुराणकथेतला एखादा प्रसंग शब्दांत मांडून चित्रनिर्मितीच्या संगणकीय प्रतिमानाकडून त्याचे चित्र काढून घेणे, याला इथे प्रॉम्प्टचित्रण म्हटले आहे; प्रतिमानाला दिलेला तो मजकूर म्हणजे प्रॉम्प्ट. मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन यांसारखी साधने २०२२ पासून सर्वांच्या हाती आली आणि देवादिकांची अशी चित्रे सणावारी मोबाइलवर फिरू लागली. त्यांतली बरीचशी दिसायला झगमगीत असतात, पण ती कोणत्या कथेतली हे देवाचे नाव वाचल्याशिवाय कळत नाही. कथेचे तपशील जपण्याचा प्रश्न नृसिंहावतारात सर्वांत स्पष्टपणे उभा राहतो, कारण या कथेचे सगळे नाट्यच तपशिलांवर उभे आहे. एक तपशील चुकला तर चित्रातला वध कथेच्या हिशेबाने अशक्य ठरतो.

भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात हिरण्यकशिपू ब्रह्मदेवाकडे वर मागतो. ब्रह्मदेवाने निर्माण केलेल्या कोणत्याही प्राण्याकडून मृत्यू नको. घरात नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्राने नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. नृसिंहाचे रूप हे या यादीला दिलेले उत्तर आहे. म्हणून चित्रातल्या प्रतीकवस्तू वेगळ्या शोधाव्या लागत नाहीत, त्या वरातूनच मिळतात. घर आणि बाहेर यांच्या मधला उंबरठा, जमीन आणि आकाश यांच्या मधली मांडी, शस्त्राऐवजी नखे, दिवस-रात्रीच्या मधली तिन्हीसांज आणि माणूस-पशू यांच्या मधला सिंहमुखी देह. आठव्या अध्यायातल्या वधाच्या श्लोकात दार, मांडी आणि नखे यांची नावे थेट आली आहेत. तिन्हीसांज वराच्या अटीतून निघते, आणि वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंतीची पूजा सूर्यास्ताला करण्याची रीत तिच्याशीच जोडलेली आहे.

प्रॉम्प्ट लिहायला बसण्याआधी क्षण निवडावा लागतो. खांब फुटून नृसिंह प्रकट होतो तो प्रसंग सभागृहातला आहे आणि वध दारातला. दोहोंच्या मध्ये झुंज होते: हिरण्यकशिपू गदा घेऊन धावतो, एकदा पकडीतून निसटतो आणि मग ढाल-तलवार घेऊन पुन्हा येतो. छापील तसबिरींत फुटलेला खांब आणि मांडीवरचा वध एकाच चौकटीत घेण्याचा प्रघात आहे. तसबिरीला एकाच चित्रात सगळी कथा सांगायची असते, म्हणून तिथे ते चालून जाते. मूर्तिशास्त्रानेही खांबातून निघणारा स्थौण नृसिंह, पोट फाडणारा विदारण नृसिंह, योगनृसिंह, लक्ष्मीनृसिंह असे प्रकार वेगळे ठेवले आहेत. वेरूळच्या १५ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे दशावतार लेण्यात, दोघे अजून उभ्याने झुंजत आहेत. हंपीची प्रचंड मूर्ती मुळात लक्ष्मीनृसिंहाची, पण लक्ष्मीची मूर्ती भग्न झाल्याने ती उग्रनृसिंह म्हणूनच ओळखली जाते. प्रॉम्प्टमध्ये नुसते ‘नृसिंह’ लिहिले तर या सगळ्या प्रतिमांची सरमिसळ होते आणि सिंहासनावर डरकाळी फोडणारा, प्रसंगाविना बसलेला देव हाती येतो. त्यामुळे नावापेक्षा कृतीचे वर्णन जास्त कामाचे.

वधाच्या आधीचा क्षण निवडणे बरे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुराणात आतडी गळ्यात घातल्याचे वर्णन आहे आणि जुन्या शिल्पकारांनी ते बिचकत न बसता कोरलेही आहे. पण बहुतेक चित्रसाधने रक्तपात अडवतात, आणि अडवला नाही तर भयपटाची कळा आणतात. नखे छातीवर टेकली आहेत, हिरण्यकशिपूची नजर वर लागली आहे, इथे थांबले तरी अटी सगळ्या पुऱ्या होतात. प्रॉम्प्ट इंग्रजीत लिहिण्याचे कारण व्यावहारिक आहे: ही प्रतिमाने मुख्यतः चित्रांसोबतच्या इंग्रजी वर्णनांवर शिकली आहेत.

```
Doorway of an ancient Indian palace at dusk, orange sky outside,
dark hall inside. Narasimha, a god with a lion's head, white mane
and four arms, sits on the stone threshold. A bearded, crowned king
lies across his thighs, looking up. Two bare clawed hands rest on
the king's chest. A sword and shield lie fallen on the floor.
```

यात जागा आणि प्रकाश आधी आले, देव नंतर. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ टोकनच घेतो. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. काही ठिकाणी त्यापुढचा मजकूर सरळ गळतो. सिंहमुख आणि आयाळ प्रतिमान सहसा विसरत नाही. उंबरठा आणि तिन्हीसांज मात्र हमखास विसरते. जे विसरले जाण्याची भीती जास्त ते वर घ्यायचे.

तलवारीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ‘नृसिंहाच्या हातात शस्त्र नको’ असे वाक्य लिहिले की बहुधा शस्त्रच उगवते, कारण शब्द वाचला जातो पण नकार नीट धरला जात नाही. त्यापेक्षा तलवारीला कथेतली तिची जागा द्यावी: हिरण्यकशिपूची होती, आता जमिनीवर पडली आहे. दोन हातांनाही काम सांगितले आहे, म्हणून ते शस्त्र शोधत नाहीत. तरीही त्रास झालाच तर मिडजर्नीत शेवटी `--no` जोडता येते आणि स्टेबल डिफ्यूजनमध्ये नकाराचा वेगळा रकाना असतो. पण तिथे ‘तलवार’ लिहिली तर जमिनीवर पडलेलीही नाहीशी होण्याचा धोका असतो.

चार हात हा तडजोडीचा आकडा आहे. भागवतातल्या वर्णनात शेकडो हात आहेत, मूर्तींत चार, आठ, सोळा आढळतात. प्रतिमानाला हात मोजणे कठीण जाते, त्यामुळे चारच मागावेत आणि वरच्या दोघांत शंख-चक्र हवे असेल तर ते नंतर घालावे. चक्र असले तरी ते वापरात दिसू नये. देवाचे चिन्ह म्हणून ते ठीक, वधाचे साधन म्हणून दिसले तर नखांना अर्थ उरत नाही.

तेजाचे काम सर्वांत नाजूक. प्रॉम्प्टमध्ये `divine glow` हे दोन शब्द टाकले की सगळे चित्र पिवळ्या धुक्यात बुडते: देव, दैत्य, खांब, फरशी सगळे सारखेच उजळते आणि तिन्हीसांज पुसली जाते. `halo` लिहिले की डोक्यामागे ख्रिस्ती संतांच्या चित्रांतली सपाट सोनेरी तबकडी येते. देव्हाऱ्यातल्या मूर्तीची प्रभावळ ही नक्षीची कमान असते, ती मूर्तीच्या चित्रात शोभते. झटापटीच्या मधोमध ती आणली तर देव मंदिरात बसल्यासारखा दिसतो. मूळ कथेत तेजाला जागा ठरलेली आहे. नृसिंहाचे डोळे तापलेल्या सोन्यासारखे, अंगावरची लव चंद्रकिरणांसारखी गौर, आणि त्याच्या दृष्टीपुढे ग्रहांचे तेज फिके पडले, असे भागवत सांगते. म्हणजे तेज डोळ्यांतून निघते आणि त्याच्या येण्याने आजूबाजूचा उजेड कमी होतो. पांढरी आयाळही तिथूनच आली. पिवळीधमक आयाळ ही जंगलातल्या सिंहाची.

हे साधायला वरच्या प्रॉम्प्टमधला मावळतीचा उजेड देवाच्या पाठीमागून, दारातून येऊ द्यावा. मग आयाळीच्या कडा आपोआप उजळतात आणि वेगळे वलय लागत नाही. त्यानंतर एवढेच जोडावे:

```
His molten-gold eyes light the king's face; the king casts no glow.
```

या ओळीचा पहिला भाग उपयोगी पडतो. दुसरा नकारार्थी असल्याने बेभरवशाचा आहे; त्याच्या जागी `the king's body stays in shadow` लिहिले तर परिणाम अधिक पक्का. देवाचे तेज दैत्याच्या मुकुटावरही पसरू लागले की दोघेही दिव्य दिसतात आणि पाहणाऱ्याला कोण कोणाला मारतो आहे तेच समजेना होते.

चित्र आले की सौंदर्याआधी अटी तपासाव्यात. दाराची चौकट दिसते का आणि बसण्याची जागा खरोखर उंबरठ्यावर आहे का, की सिंहासनावर सरकली? बाहेरचे आकाश संध्याकाळचे आहे, की निळे? हिरण्यकशिपूचे पूर्ण शरीर मांडीवर आहे, की पाठ जमिनीला टेकली? ही शेवटची चूक फार होते आणि नजरेतून सुटते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे गुणांची अदलाबदल: राजालाही सिंहाचे तोंड फुटते, किंवा दाढी देवाला लागते. दोन देह एकमेकांना भिडलेले असले की हे जास्त घडते. वर्णन आणखी लांबवून ते सुटत नाही. मांडणी बरी असलेले चित्र ठेवावे, फक्त चुकलेला भाग निवडावा आणि तेवढ्याच भागासाठी छोटा प्रॉम्प्ट देऊन तो पुन्हा रंगवून घ्यावा. इनपेंटिंग म्हणतात ते हेच. उंबरठा, राजाचा चेहरा, वरचे हात अशा क्रमाने गेले तर आधी दुरुस्त केलेले पुढच्या फेरीत बिघडत नाही.

हिरण्यकशिपूबाबत आणखी एक सावधगिरी हवी. प्रॉम्प्टमध्ये `demon` लिहिले की शिंगे, वटवाघळाचे पंख आणि लाल कातडी येते. ती युरोपातल्या सैतानाची ठेव. हिरण्यकशिपू हा कश्यप आणि दिती यांचा मुलगा, देवांना दरारा वाटणारा ऐश्वर्यवान राजा. म्हणून वर `king` लिहिले आहे. तो राजासारखा दिसला नाही तर त्याने मिळवलेल्या वराचे वजनही दिसत नाही.

प्रल्हादाला या चौकटीत घ्यायचे की नाही, यावर चित्रकारांत एकमत नाही. तसबिरींत तो हात जोडून बाजूला असतो. भागवतातल्या वधाच्या वर्णनात तो पुढे येत नाही. त्याची पाळी नंतर येते. नृसिंह सभेतल्या सिंहासनावर जाऊन बसतो, राग शमत नाही, देव जवळ जायला धजत नाहीत, लक्ष्मीही थबकते, आणि ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून लहानगा प्रल्हाद पुढे जाऊन पायाशी लोटांगण घालतो. नृसिंह त्याच्या मस्तकावर हात ठेवतो. हे चित्र वेगळे काढावे. इथे सिंहासन हवे, उंबरठा नको. आणि मुलाच्या डोक्यावर ठेवलेल्या हाताची नखे दिसतील एवढी मोठी ठेवून बोटे मात्र सैल मागावीत, नाहीतर आधीच्या प्रसंगातली पकड इथेही येते.

प्रल्हादाला मांडीवर घेऊन आगीत बसणारी होलिका भागवतातल्या या प्रसंगांत नाही. शिमग्याच्या निमित्ताने ती लोकांच्या मनात या कथेला जोडली गेली आहे, म्हणून ‘प्रल्हाद’ आणि ‘ज्वाळा’ हे शब्द एका प्रॉम्प्टमध्ये आले की चित्राचा कल तिकडे जाऊ शकतो. खांब फुटतानाच्या चित्रात आग नव्हे, दगडाचे तुकडे आणि धूळ मागावी.