काळे पट्टे लावणं आणि फ्रेमचा आकार बदलणं: टीव्हीवर सारखं, फाइलमध्ये वेगळं

एका मित्राने दहा मिनिटांची शॉर्टफिल्म पाठवली. वर आणि खाली काळे पट्टे, मधे रुंद चित्र. लॅपटॉपवर छान दिसत होती. तीच त्याने फोन आडवा धरून पाहिली आणि वैतागून फोन केला. म्हणाला, "अरे, चारही बाजूंनी काळं दिसतंय. मधे पोस्टकार्डाएवढं चित्र उरलंय. मी तर फक्त सिनेमासारखा रेशो केला होता."

त्याने रेशो बदललाच नव्हता. त्याने पट्टे रंगवले होते. ही दोन कामं पडद्यावर जुळ्या भावंडांसारखी दिसतात, म्हणून गोंधळ होतो.

कॅमेऱ्याची नेहमीची एचडी फ्रेम १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० पिक्सेल उंच असते. हाच १६:९ चा आकार, म्हणजे रुंदी उंचीच्या १.७८ पट. सिनेमाचा रुंद आकार म्हणून आज जो रूढ आहे तो २.३९. तेवढा आकार १९२० रुंदीत बसवायचा तर उंची साधारण ८०३ येते. सर्वसाधारण व्हिडिओ फाइलींना सम संख्या लागते, म्हणून ८०४ धरतात. १०८० मधून ८०४ वजा केले की २७६ ओळी उरतात. वर १३८, खाली १३८.

पट्टे लावणं म्हणजे या २७६ ओळींवर काळा रंग चढवणं. फाइल १९२०×१०८० चीच राहते. प्लेअरच्या दृष्टीने हा १६:९ चा व्हिडिओ आहे, ज्याच्या वरच्या आणि खालच्या भागात योगायोगाने अंधार आहे. फ्रेमचा आकार बदलणं म्हणजे त्या ओळी फाइलमधूनच काढून टाकणं. मग फाइल १९२०×८०४ ची होते, आणि पट्टे लागतील तिथे ते प्लेअर किंवा टीव्ही स्वतः दाखवतो.

१६:९ च्या टीव्हीवर दोन्ही फाइली अगदी सारख्या दिसतात. फरक कळतो तो फोनवर. मित्राच्या फोनचा पडदा आडवा धरला की २४००×१०८० चा, म्हणजे १६:९ पेक्षा रुंद. पट्टे रंगवलेली फाइल त्यावर उंचीला पुरती बसते, पण रुंदीला १९२० पिक्सेलच घेते. डावी-उजवीकडे २४०-२४० पिक्सेल काळे राहतात, वर-खाली आपले रंगवलेले पट्टे आहेतच. खरं चित्र उरतं १९२०×८०४ पिक्सेलचं. तीच फिल्म आकार बदलून दिली असती, तर प्लेअरने ती पूर्ण २४०० रुंदीला फुलवली असती आणि उंची सुमारे १००५ झाली असती. वर-खाली जेमतेम ३७-३८ पिक्सेलची काळी रेघ. क्षेत्रफळ काढलं तर चित्र दीडपटीहून मोठं. म्हणूनच यूट्यूबसुद्धा पट्टे व्हिडिओतच रंगवून टाकू नका, व्हिडिओ त्याच्या मूळ आकारातच चढवा असं सांगतं. त्यांचा प्लेअर चित्राच्या आकारानुसार स्वतः जुळवून घेतो.

आता एक गैरसमज, जो मला सर्वांत जास्त खटकतो. पट्टे लावले की काही कापलं जात नाही, क्रॉप करून फ्रेमचा आकार बदलला की कापलं जातं, असं अनेकांना वाटतं. नजरेला दोन्हीत सारखंच कापलं जातं. पट्ट्याखाली गेलेलं कपाळ आणि क्रॉपमध्ये गेलेलं कपाळ यात प्रेक्षकाला काहीच फरक नाही. दोन्हीत चित्राचा चौथा हिस्सा, नेमकं सांगायचं तर २५.६ टक्के, जातो. पट्ट्यांमुळे चित्र रुंद होत नाही, फक्त बुटकं होतं. त्यामुळे खरा प्रश्न कुठला चौथा हिस्सा घालवायचा हा आहे.

मित्राच्या फिल्ममधला एक शॉट घेऊ. आजी चुलीपुढे बसून भाकरी थापतेय. तिच्या डोक्याचा वरचा काठ फ्रेमच्या वरून ८० पिक्सेलवर आहे. खाली परात, आणि तिच्याही खाली नुसती सारवलेली जमीन. पट्टा वरून १३८ पिक्सेलचा, म्हणजे डोक्याचे ५८ पिक्सेल गेले. केस आणि कपाळाचा थोडा भाग कापलेला, तेही जवळच्या शॉटमध्ये नाही तर मध्यम अंतरावरच्या, जिथे ते चुकल्यासारखंच दिसतं. पण पट्ट्यांच्या मधली ८०४ ची खिडकी मध्यावरच असली पाहिजे असा नियम नाही. ती वरून ५० व्या ओळीपासून सुरू केली तर डोक्यावर ३० पिक्सेल मोकळे राहतात आणि खालून २२६ ओळी जातात. जाते ती जमीन. परात शाबूत.

एडिटिंगच्या टाइमलाइनवर याचा अर्थ असा की पट्टे जागचे हलत नाहीत, त्यांच्याखालचं चित्र ८८ पिक्सेल खाली सरकवायचं. हे प्रत्येक शॉटला वेगळं करावं लागतं. दहा मिनिटांच्या फिल्मला दीडशे शॉट असतील तर दीडशे वेळा पाहावं लागतं. बहुतेकांना हात लावायची गरज पडत नाही, पण पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

एखाद्या शॉटमध्ये डोकं वरच्या काठाला आणि हात खालच्या काठाला टेकलेले असतात. तिथे खिडकी कुठेही सरकवली तरी काहीतरी कापलं जाणारच. असे शॉट जास्त असतील तर २.३९ चा हट्ट सोडावा. २:१ केलं की उंची ९६० मिळते आणि वर-खाली फक्त ६०-६० जातात. तेही जड वाटलं तर १.८५ आहे, त्यात जेमतेम २१-२१ पिक्सेल जातात. शूटिंगच्या आधीच रुंद आकार ठरला असेल तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर २.३९ च्या मार्गदर्शक रेषा लावून शूट करावं. अनेक कॅमेऱ्यांत ती सोय असते. नसेल तर पडद्यावर कागदी टेपच्या दोन पट्ट्या चिकटवल्या तरी काम होतं.

आता ताणण्याचा मुद्दा. ताणलेलं चित्र सहसा कुणी मुद्दाम करत नाही, ते सेटिंगमुळे होतं. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनचा आकार Custom निवडून १९२०×८०४ केला की १०८० उंचीची क्लिप तिथे कशी बसवायची, हे Image Scaling मधली Mismatched resolution files ही सेटिंग ठरवते. Scale entire image to fit असेल तर पूर्ण चित्र ८०४ उंचीत आवळलं जातं, रुंदी १४२९ च्या आसपास येते आणि डावी-उजवीकडे काळे खांब उभे राहतात. Stretch frame to all corners असेल तर रुंदी १९२० राहते आणि उंची चेपली जाते, प्रत्येक चेहरा बसका होतो. आपल्याला हवं ते Scale full frame with crop. त्यात रुंदी पूर्ण भरते आणि वर-खालचं जास्तीचं कापलं जातं. आकार न बदलता फक्त पट्टे हवे असतील तर Timeline मेनूत Output Blanking मध्ये 2.39 निवडलं की झालं.

चेपलेलं चित्र ओळखायला शॉटमधली गोल वस्तू शोधा: गाडीचं चाक, भिंतीवरचं घड्याळ, समोरून दिसणारी ताटली. १०८० ची उंची ८०४ मध्ये चेपली की १०० पिक्सेलचं वर्तुळ १०० रुंद आणि ७४ उंच होतं. चेहऱ्यावर डोळा फसू शकतो, कारण थोडा रुंद चेहरा खराही असतो. चाक फसवत नाही.

चेपणं बरोबर असण्याची जागाही आहे. १९५३ साली सिनेमास्कोप आला तेव्हा कॅमेऱ्याची अॅनामॉर्फिक लेन्स दृश्य आडवं निम्म्यावर दाबून फिल्मवर घ्यायची आणि प्रोजेक्टरची लेन्स ते पुन्हा पसरवायची. आज फोनवर लावायच्या १.३३ पटीच्या अशा लेन्स मिळतात. त्यांनी शूट केलेल्या १९२०×१०८० च्या फाइलमध्ये माणसं मुळातच उभट आणि बारीक दिसतात. तिथे उंची ८१२ पर्यंत चेपली की वर्तुळ गोल होतं, आकार २.३६ च्या आसपास येतो आणि चित्राची एक ओळही वाया जात नाही. साध्या लेन्सच्या व्हिडिओवर हाच उपाय केला की मात्र माणसं बसकी होतात.

ज्यांना आज्ञा लिहून व्हिडिओ बदलणाऱ्या एफएफएमपेगची सवय आहे त्यांच्यासाठी दोन्ही कामांतला फरक आज्ञेतच दिसतो. पहिली आज्ञा फ्रेम तेवढीच ठेवून पट्टे रंगवते:

```
ffmpeg -i film.mp4 -vf "drawbox=y=0:w=iw:h=138:color=black:t=fill,drawbox=y=942:w=iw:h=138:color=black:t=fill" -crf 18 -c:a copy patte.mp4
```

दुसरी आज्ञा फ्रेमच लहान करते:

```
ffmpeg -i film.mp4 -vf "crop=1920:804" -crf 18 -c:a copy rund.mp4
```

crop मध्ये जागा सांगितली नाही तर ते मध्य धरतं. आजीच्या शॉटसाठी `crop=1920:804:0:50` लिहिलं असतं. एक चुकीची वाट म्हणजे `-aspect 2.39` देणं. त्याने एकही ओळ कापली जात नाही, फाइलवर फक्त चिठ्ठी लागते की मला या आकारात दाखवा. चिठ्ठी मानणाऱ्या प्लेअरवर माणसं बसकी दिसतात, न मानणाऱ्यावर काहीच बदलत नाही. त्यामुळे एका मशिनवर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक असा घोळ होतो.

मग पट्टे रंगवायचे कधी? समोरच्याला ठरावीक आकाराचीच फाइल हवी असते तेव्हा. टीव्ही चॅनेलला सहसा १९२०×१०८० ची फाइल लागते. ब्लू-रेवरच्या रुंद चित्रपटांतसुद्धा पट्टे चित्राचाच भाग असतात. हॉलमध्ये एकामागोमाग दहा फिल्म दाखवायच्या असतील आणि चालवणाऱ्याच्या मशिनचा भरवसा नसेल, तर १९२०×८०४ ची फाइल तिथे कुणीतरी पडदाभर ताणून दाखवण्याची भीती असते. तिथे रंगवलेले पट्टे चित्राचं रक्षण करतात.

मित्राची मूळ टाइमलाइन होती, म्हणून त्याचं काम सोपं होतं. पट्टे लावलेली टाइमलाइन तशीच ठेवली, शॉट सरकवून घेतले, महोत्सवासाठी १९२०×१०८० ची फाइल काढली आणि ऑनलाइनसाठी त्याच टाइमलाइनवरून १९२०×८०४ ची. अडलं एकाच ठिकाणी: त्याने शेवटची श्रेयनामावली खालच्या काळ्या पट्ट्यात लिहिली होती, आणि पट्टा गेला तशी तीही गेली. ती चित्राच्या आत घेऊन पुन्हा काढावी लागली.

टाइमलाइन हाताशी नसून फक्त पट्टेवाली फाइल असेल तर पट्ट्यांचं माप शोधता येतं:

```
ffmpeg -ss 60 -i patte.mp4 -t 10 -vf cropdetect=24:2:0 -f null -
```

उत्तरात `crop=1920:804:0:138` असं काहीतरी येतं. मधला 2 महत्त्वाचा आहे. तो दिला नाही तर हा फिल्टर १६ च्या पटीत मोजतो आणि ८०४ ऐवजी ८०० सांगून चित्राच्या चार ओळी फुकट कापायला लावतो. मोजायला उजेडाचा प्रसंग निवडावा. रात्रीच्या प्रसंगात आभाळच पट्टा समजलं जातं.