हट्ट पक्का कसा होतो आणि उतरतो कसा

‘मूल ऐकत नाही, त्याला धाक हवा,’ असे आजही सर्रास म्हटले जाते आणि काही घरांत दृष्टही काढली जाते. दृष्ट काढून हट्ट कमी होत नाही. मुलाचा स्वभाव काही अंशी उपजत असतो, पण हट्ट टिकतो तो मोठ्यांशी होणाऱ्या रोजच्या व्यवहारात, आणि पालकांना मुलाशी वागण्याच्या रीती शिकवणारे पालक-प्रशिक्षण बदल घडवते ते तिथेच.

समजा, कोथरूडमधल्या एका घरात आई सहा वर्षांच्या मुलाला जेवणाआधी मोबाइल ठेवायला सांगते. तो किंचाळतो, आई समजावते, मग रागावते, आणि शेवटी आजी म्हणते, ‘असू दे गं, चार घास सुखाने खाऊ दे त्याला.’ मोबाइल परत मिळाल्यामुळे मुलाचे किंचाळणे पक्के होते. आरडाओरडा थांबल्यामुळे मोठ्यांचे माघार घेणेही पक्के होते. त्रास टळल्यामुळे वर्तन बळावण्याच्या या प्रकाराला नकारात्मक प्रबलन म्हणतात. अमेरिकेतील ओरेगनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या निरीक्षणांतून हे दुहेरी चक्र उलगडून दाखवले. चार दिवसांतून एकदाच माघार घेतली, तर हट्ट अधिक चिवट होतो, कारण पुरेसा वेळ ओरडले की कधीतरी मिळते, हे मूल शिकते.

प्रशिक्षणात बहुधा आठ ते बारा साप्ताहिक सत्रे असतात. आरंभीच्या सत्रांत पालक रोज दहा-पंधरा मिनिटे मुलाच्या मर्जीचा खेळ खेळणे, त्या वेळी सूचना न देणे आणि चांगल्या वागण्याचे नेमक्या शब्दांत कौतुक करणे शिकतात. ही पायरी गाळली, तर पुढचे सारे केवळ शिक्षा ठरते. न ऐकल्यास काय परिणाम द्यायचा, हे शिकवणाऱ्या सत्रात आई-बाबा आळीपाळीने मूल होऊन सराव करतात आणि घरी नेण्यासाठी असे पत्रक मिळते:

‘जवळ जाऊन एकच स्पष्ट सूचना द्या: “मोबाइल कपाटावर ठेव.” पाच सेकंद गप्प थांबा. ठेवला, तर लगेच कौतुक करा. नाही ठेवला, तर एकदाच बजावा: “ठेवला नाहीस, तर उद्या मोबाइल मिळणार नाही.” पुन्हा पाच सेकंद थांबा आणि मग बोललेले शांतपणे अमलात आणा. वाद घालू नका, शिक्षा वाढवत नेऊ नका. परवा पाटी कोरी. आजी-आजोबांसह सर्वांना पाळता येणार नाही, असा परिणाम जाहीरच करू नका.’

पहिल्या काही दिवसांत किंचाळणे बहुधा वाढते. जुना उपाय चालेनासा झाल्यामुळे मूल तोच अधिक जोराने वापरून पाहते, आणि नेमक्या याच वेळी माघार घेतली, तर वाढीव किंचाळण्यालाच बक्षीस मिळते. म्हणून आरडाओरडा किती मिनिटे चालला, हे रोज वहीत लिहायला सांगतात. दहा मिनिटांचे पंचवीस झाले आणि मग आकडा उतरू लागला, तर दिशा बरोबर आहे. दोन-तीन आठवड्यांतही तो उतरला नाही, तर कोणी गुपचूप मोबाइल देते आहे का, की मुलाला खरे तर जेवणच टाळायचे आहे, हे तपासावे लागते. जेवण टाळण्यासाठीच ते ओरडत असेल, तर त्याला दुसऱ्या खोलीत पाठवणे हेच त्याचे बक्षीस ठरते.

मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करायचे नसते. ऐकू कमी येणे, अवधानातील अडचण किंवा पालकाचे नैराश्य असेल, तर त्याची तपासणी आधी व्हावी. सूचना ऐकूच न आलेल्या मुलाला परिणाम भोगायला लावणे हा निव्वळ अन्याय आहे.